उलटून टाकलेले शब्द

फ्रेंचमध्ये ‘उलट बाजू’ म्हणजे ‘लांव्हेर’. लां आणि व्हेर असे त्याचे दोन तुकडे पाडून मागचा पुढे आणला की होतं ‘व्हेरलां’. पॅरिसच्या उपनगरांतल्या पोरांच्या बोलीचं हेच नाव. बोली चालते कशी, ते नावातच सांगून टाकलंय.

उलटायची असतात ती कानाला ऐकू येणारी अक्षरं. लिहिण्याशी त्याचा संबंध नाही. ‘मेत्रो’चं ‘त्रोमे’ आणि इमारतींच्या वसाहतीला म्हणतात त्या ‘सिते’चं ‘तेसी’ होतं, इथपर्यंत सोपं आहे. खरी गंमत एकाक्षरी शब्दांची. बाई म्हणजे ‘फाम’. त्यातल्या शेवटच्या ‘म’चा उच्चार पोकळ ‘अ’ लावून पुरा करायचा, मग फा-मचं म-फा करायचं आणि शेवटचा स्वर गिळून टाकायचा. उरतो ‘मफ’. पोलिसाला बोलीभाषेत ‘फ्लिक’ म्हणतात. त्याचं याच वाटेनं ‘कफ’ झालं. नुसती उलटापालट चाणाक्ष कानाला कळून येते. शेवटचा स्वर गिळला की मूळ शब्दाचा माग लागणं अवघड होतं.

आपल्याकडची ‘च’ची भाषा याची लांबची बहीण. ‘मला माहीत नाही’चं ‘चलाम चहीतमा चहीना’ करणाऱ्या मुली एकही शब्द सोडत नाहीत, त्यामुळे किल्ली सापडली की सगळं कुलूप उघडतं. व्हेरलां बोलणारा वाक्यातले एकदोन मोक्याचे शब्दच फिरवतो. बाकीचं वाक्य आणि व्याकरण साधं फ्रेंच असतं. कुठला शब्द फिरवायचा आणि कुठला नाही, याचा नियम कुणी लिहून देत नाही. तो चौकात उभं राहूनच अंगात मुरतो. बाहेरचा माणूस पकडला जातो तो इथेच. शब्द बरोबर उलटतो, पण कुणी उलटत नाही तो उलटतो.

अक्षरं फिरवण्याचा खेळ फ्रेंचमध्ये जुना आहे. विसाव्या शतकाच्या मध्यात गुन्हेगारी कादंबऱ्यांतली पात्रंही तो खेळत होती. १९७७ मध्ये गायक रनो यानं ‘सोडून दे’ अशा अर्थाच्या शब्दांतला एक उलटून आख्खं गाणं केलं आणि ते घरोघरी पोचलं. पण बोलीला बळ मिळालं ते युद्धानंतर शहरांच्या कडेला उभ्या राहिलेल्या उंच इमारतींच्या वसाहतींत. तिथे अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशियातून आलेल्या कामगारांची मुलं वाढली. घरात आईबापांची अरबी किंवा बर्बर भाषा, शाळेत पुस्तकी फ्रेंच, आणि दोन्ही ठिकाणी आपण थोडे उपरेच.

या मुलांना बाहेरचे ‘आराब’ म्हणत आणि म्हणताना बऱ्याचदा ओठ मुडपत. मुलांनी तो शब्द फिरवला: आ-रा-बचं ब-रा-आ, आणि घासून-पुसून ‘बर’. शिवीसारखा अंगावर येणारा शब्द स्वतःच्या हातानं घडवून परत घेतला. १९८१ मध्ये पॅरिसमध्ये ‘रेडिओ बर’ सुरू झालं. १९८३ च्या ऑक्टोबरात वंशभेदाच्या विरोधात मूठभर तरुण मार्सेयहून पायी निघाले आणि डिसेंबरात पॅरिसला पोचले तेव्हा त्यांच्यासोबत सुमारे एक लाख माणसं होती. वर्तमानपत्रांनी तिला ‘बरांची पदयात्रा’ म्हटलं. मग पुढारी, प्राध्यापक, टीव्हीवाले सगळेच ‘बर’ म्हणू लागले, आणि वसाहतीतल्या मुलांना तो शब्द परका वाटायला लागला. त्यांनी काय करावं? तो पुन्हा उलटला. ब-रचं झालं ‘रबऽ’, शेवटचा ‘अ’ लांबवलेला. दोनदा उलटूनही शब्द मूळ ‘आराब’वर परतत नाही, कारण पहिल्या फेरीत गळलेली अक्षरं परत येत नाहीत.

लपवालपवी हे या बोलीचं एक काम आहेच. पोलीस, मास्तर किंवा बाप जवळ असताना ‘कफ आला’ म्हणता येणं सोयीचं असतं. पण ‘कफ’ आज फ्रेंच शब्दकोशात आहे आणि तो सर्वांत आधी पोलिसांनाच पाठ झाला असणार. गुपित फुटूनही शब्द टिकतो, तेव्हा त्याचं काम दुसरंच असतं, असं मला वाटतं: तू आमच्यातला की नाही, हे एका शब्दात ओळखणं. म्हणून तर रॅप गाण्यांतून आणि १९९५ च्या ‘ला एन’सारख्या चित्रपटांतून ही बोली श्रीमंत वस्त्यांतल्या मुलांपर्यंत गेली, त्यांना लपवण्यासारखं फारसं काही नव्हतं, त्यांना त्या चौकाचा रुबाब हवा होता. बेल्जियमच्या स्ट्रोमाए या गायकाचं नावही ‘माएस्त्रो’ उलटून झालेलं आहे.

मोठी माणसं मागोमाग पोचतातच. १९८५ मध्ये टीव्हीवरच्या मुलाखतीत राष्ट्राध्यक्ष मितराँ यांना ‘शेब्रां’ हा शब्द ठाऊक आहे का, असं विचारलं गेलं. ‘ब्रांशे’, म्हणजे नव्या जमान्याचा, याचं ते उलटं रूप. अक्षरं उलटण्याचा खेळ आपल्या लहानपणीही होता, असं म्हणून त्यांनी वर सांगितलं, की हा शब्दही आता जुना झाला, हल्ली ‘काब्ले’ म्हणायचं. तेव्हा ते अडुसष्ट वर्षांचे होते.