फोटोतल्या अंबाड्यावर गजरा
पाठमोऱ्या, किंचित वळलेल्या बाईच्या फोटोत मोगऱ्याचा गजरा बसवायचा, तर आधी अंबाड्याचा घेर बघावा. तिरकस कोनातून तो लंबगोल दिसतो, म्हणून गजराही वॉर्पने त्याच वळणावर वाकवावा. पलीकडे वळणाऱ्या कडेला कळ्या लहान आणि एकमेकींवर दाटलेल्या दिसायला हव्यात. मग लेअरला मास्क लावून अंबाड्यामागे जाणारा भाग झाकावा आणि दोन-चार बटा बारीक ब्रशने कळ्यांवरून येऊ द्याव्यात. गजरा चिकटवल्यासारखा वाटतो तो बहुधा या बटा नसल्यामुळेच. सावली गजऱ्याखालच्या वेगळ्या लेअरवर, मल्टिप्लाय मोडमध्ये द्यावी: कळ्या टेकतात तिथे अरुंद, ठळक, प्रकाशाच्या उलट बाजूला पसरट, पुसट. काळ्याभोर केसांवर ती जेमतेम दिसते. तिथे कळ्यांच्या खालच्या अंगालाच करडी छटा द्यावी.