आजच्या भागाला हवं तेवढंच

मालिकेच्या संहितेत ‘मागील भागात’ हा तुकडा पहिल्या पानावर असतो, पण तो लिहायचा सर्वांत शेवटी. काय आठवून द्यायचं, हे मागच्या भागावरून नव्हे तर आजच्या भागावरून ठरतं.

एक काल्पनिक मालिका घेऊ. चौदाव्या भागात सुमनच्या हाती पतसंस्थेची नोटीस पडते: दिराच्या थकलेल्या कर्जाला ती जामीनदार आहे. तेराव्या भागात साखरपुड्यात मोठं भांडण झालं होतं आणि त्या गडबडीत पोस्टमनने दिलेलं पाकीट सासूने उशीखाली सरकवलं होतं. नवखा लेखक भांडण दाखवेल, कारण प्रसंग तोच रंगला होता. पण आज त्याचं काहीच काम नाही. आज हवं आहे ते पाकीट, आणि नवव्या भागातली सही. म्हणून संहितेत एवढंच येतं:

भाग 9: सुमन सही करते. वसंत म्हणतो, “रेशनकार्डाचा अर्ज आहे, वहिनी.”
भाग 13: सासू पाकीट उशीखाली ठेवते.

अर्ध्या मिनिटात हे बसतं. मात्र रीकॅपसाठी सहसा वेगळं चित्रीकरण होत नाही, आधीच्याच दृश्यांतून कापून घ्यावं लागतं. वसंत नवव्या भागात नुसतं “ते काम आहे” म्हणाला असता, तर सुटं काढल्यावर वाक्याला अर्थच उरला नसता. पुढे लागणारं वाक्य आधीच नावानिशी लिहून ठेवावं लागतं ते यासाठी. मालिका न पाहिलेल्या माणसाला हा तुकडा दाखवावा. “कसली सही?” असं त्याने विचारलं, तर तो फसला.

उलटा धोकाही आहे. कित्येक भाग गायब असलेला मामा रीकॅपमध्ये दिसला, की आज तो परतणार हे घरातली आजीसुद्धा ओळखते. अशा वेळी त्याला रीकॅपमध्ये न घेता भागातच कुणाच्या तरी बोलण्यातून त्याची आठवण काढलेली बरी.

‘पुढील भागात’ म्हणजे टीव्हीवाल्यांच्या बोलीत प्रीकॅप. इथे प्रश्न दाखवायचा आणि उत्तराआधी कापायचं. सुमन नोटीस वसंतसमोर धरते: “ही सही कुणी घेतली?” वसंत मान वर करतो. कट. अमेरिकेतल्या ‘मॅड मेन’च्या झलका याच्या दुसऱ्या टोकाला जायच्या. कथा फुटू नये म्हणून त्यांत इतकी त्रोटक वाक्यं असत, की त्यांवरून काहीच कळत नसे.

आपल्याकडे रोजच्या मालिकांत थोबाडीत मारल्याचं दाखवून दुसऱ्या दिवशी ते स्वप्न ठरवतात. मला ही चलाखी स्वस्त वाटते, कारण दोनदा फसलेला प्रेक्षक तिसऱ्यांदा झलक पाहतच नाही. वसंतचं उत्तरही पंधराव्या भागाच्या पहिल्या एक-दोन दृश्यांत यायला हवं. ते शेवटच्या दृश्यापर्यंत लांबवलं, तर मधला सगळा भाग प्रेक्षक नुसता वाट बघत काढतो आणि त्यात लिहिलेलं बाकीचं वाया जातं.