हायलाइट्सनंतरचा टोनर

काळ्याभोर केसांना ब्लीच लावलं की रंग एकदम सोनेरी होत नाही. आधी तांबूस, मग नारिंगी, मग पिवळा, असा तो उतरत जातो. हायलाइट्स धुतल्यावर आरशात दिसणारा भडक पिवळेपणा पाहून पुष्कळजणी घाबरतात. पण काम तिथे संपलेलं नसतं. पुढची पायरी टोनरची.

टोनर केस उजळवत नाही, नको असलेली छटा फक्त मारतो. पिवळ्यावर जांभळट टोनर, नारिंगीवर निळसर. सौम्य डेव्हलपरमध्ये कालवून तो ओलसर केसांवर साधारण दहा ते वीस मिनिटं ठेवतात, आणि चांगली कारागीर मधूनमधून एक बट पुसून रंग पाहत राहते. जास्त वेळ राहिला तर केस राखाडी, मळकट दिसतात. केस अजून नारिंगीच असतील आणि तुम्हाला फिकट राखी सोनेरी हवा असेल, तर टोनरने तो येणार नाही. आणखी ब्लीच लागेल. असं स्पष्ट सांगणाऱ्या पार्लरवर मी विश्वास ठेवते.

ग्लॉसचं काम त्याहून हलकं. तो केसाचा वरचा थर गुळगुळीत करून चमक आणतो. बिनरंगी ग्लॉसने छटा बदलत नाही.

दोन्ही साधारण चार ते सहा आठवडे टिकतात. रोज केस धुणं, कडक ऊन आणि बोअरचं जड पाणी यांनी ते लवकर उतरतात. रंगीत प्रकार लावण्यापूर्वी ४८ तास आधी कानामागे पॅच टेस्ट मात्र करून घ्याच.