आधी संपेल त्याला आधी हॉल

समजा, मंडळाचा हॉल एकच आहे आणि एका रविवारसाठी आठ अर्ज आलेत: रक्तदान शिबिर 8 ते 5, व्याख्यान 9 ते 11, बारसं 10:30 ते 12:30, साखरपुडा 11 ते 2, सोसायटीची सभा 1:30 ते 2:30, वक्तृत्व स्पर्धा 2 ते 5, नाट्यवाचन 4:30 ते 6:30 आणि गाण्याची मैफल 6 ते 9. जास्तीत जास्त लोकांना ‘हो’ म्हणायचं, तर कुणाला हॉल द्यावा?

जो आधी सुरू होतो त्याला द्यावा, असं पटकन वाटतं. पण मग शिबिर पाचपर्यंत हॉल अडवतं आणि त्यानंतर फक्त मैफल बसते. सर्वांत छोटा कार्यक्रम आधी घेतला, तर तासाभराची सभा साखरपुडा आणि स्पर्धा दोन्ही घालवते. हाती तीन कार्यक्रम राहतात.

आता अर्ज संपण्याच्या वेळेनुसार लावा. पहिला घ्या. पुढचा प्रत्येक अर्ज आधी घेतलेला कार्यक्रम संपल्यावर सुरू होत असेल तरच घ्या, नाहीतर सोडा. व्याख्यान, साखरपुडा, स्पर्धा, मैफल. चार झाले.

पाचवा बसवता आला असता का? याचं उत्तर नाकारलेल्या अर्जांतच आहे. बारसं नाकारलं, कारण व्याख्यान संपण्याआधी ते सुरू होतं. आणि यादीत मागे असल्याने ते व्याख्यानाच्या आधी संपतही नाही. म्हणजे 10:59 ला दोन्ही चालू असणारच. तसंच सभा आणि साखरपुडा 1:59 ला एकदमच चालू असतात, तर शिबिर, स्पर्धा आणि नाट्यवाचन 4:59 ला. उरलेली मैफल 8:59 ला. आठही अर्ज या चार क्षणांत वाटले गेले आणि एका क्षणी हॉलमध्ये एकच कार्यक्रम मावतो. मग कुणी कितीही डोकं लढवलं तरी पाच होणं शक्य नाही. अर्ज आठ असोत की आठशे, हाच युक्तिवाद लागू पडतो.

प्रत्यक्षात दोन कार्यक्रमांमध्ये झाडलोट लागते, आणि नेमकं तेच हिशेबात धरायचं राहून जातं. प्रत्येकाच्या शेवटाला अर्धा तास जोडला, की साखरपुडा गळतो, सभा आत येते आणि व्याख्यान, सभा, नाट्यवाचन असे तीनच बसतात. रीत मात्र तीच राहते.

ती मोडते भाड्यापाशी. शिबिराचं भाडं 20,000 रुपये आणि इतरांचं प्रत्येकी 4,000 असेल, तर आपल्या चार कार्यक्रमांचे 16,000 होतात, पण शिबिर आणि मैफल दोघांतच 24,000 देतात. कार्यक्रमांची संख्या नव्हे, भाडं वाढवायचं असेल तर त्याच क्रमाने जाताना प्रत्येक अर्जापाशी दोन रकमा ताडून पाहाव्या लागतात: या अर्जाचं भाडं अधिक तो सुरू होण्याआधी संपणाऱ्या अर्जांतून मिळणारी सर्वाधिक रक्कम, आणि हा अर्ज सोडून आतापर्यंत मिळालेली सर्वाधिक रक्कम. मोठी असेल ती लिहून ठेवायची आणि पुढच्या अर्जाकडे वळायचं.