टाचांच्या भेगा: युरियाचं मलम, वरून जेली आणि इशानंतरची दहा मिनिटं

गेल्या डिसेंबरात मिरजेला फुफीकडे मुक्कामाला होते. पहाटे फजरच्या वुजूला ती नळाखाली पाय धरायची तेव्हा दातावर दात दाबून उभी राहायची. मी टाच बघितली. डाव्या टाचेच्या बाहेरच्या कडेला तीन भेगा होत्या, उजव्या टाचेला दोन. डावीकडची मधली भेग इतकी खोल होती की आत लाल दिसत होतं आणि चादरीवर रक्ताचे डाग पडत होते. "हर थंडी में होता है," एवढंच ती म्हणाली.

उपाय तिने भरपूर केले होते. रोज रात्री कढत पाण्यात मीठ टाकून अर्धा तास पाय बुडवायचे, फुफाच्या दाढीच्या ब्लेडने कडक कातडी कापायची आणि भेगेत मेण वितळवून भरायचं. मी बारा वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभी आहे, त्यामुळे हे तिन्ही प्रकार मला नवे नव्हते. तिन्हींनी भेगा वाढतात, हे मात्र तिला कोणी सांगितलं नव्हतं.

भेग पडते कशी ते आधी बघू. तळपायाच्या कातडीत घामाच्या ग्रंथी असतात, पण तेलाच्या ग्रंथी नसतात. हाताला, चेहऱ्याला शरीर स्वतःच थोडं तेल लावत असतं, टाचेला ते मिळत नाही. त्यात टाचेची कातडी मुळात जाड, आणि अनवाणी किंवा मागून उघड्या चपलेत तासन्‌तास उभं राहिलं की आणखी जाड होते. उभं राहिल्यावर अंगाचं वजन टाचेच्या मऊ गादीवर येतं आणि ती गादी बाजूला पसरते. वरची कातडी ओलसर असेल तर तीही ताणली जाते. कोरडी आणि जाड असेल तर वाळलेल्या चिखलासारखी तडकते. म्हणूनच भेगा जवळजवळ नेहमी टाचेच्या कडेला, उभ्या पडतात.

आपल्या घरांत याला आणखी एक कारण जोडलेलं असतं. दिवसातून पाच वेळा पाय धुतले जातात. पाण्याने पाय मऊ होतात असं वाटतं, पण पुसले नाहीत तर ते पाणी उडून जाताना कातडीतला ओलावाही घेऊन जातं. वुजूनंतर ओल्या पायांनी फरशीवर चालत जायची सवय बहुतेकांना असते. पाय टॉवेलने पुसले, बोटांच्या मधलं पाणीसुद्धा टिपलं, तर निम्मं काम तिथेच होतं. बोटांच्या बेचक्यात ओल राहिली की तिथे बुरशी धरते, तो त्रास वेगळाच.

आता युरियाविषयी. फुफीला ट्यूब दिली तर तिने आधी विचारलं, "ये खत वाला यूरिया है क्या? और पाक है ना?" काउंटरवरही हा प्रश्न दर आठवड्याला येतो. लघवीत युरिया असतो हे लोकांनी ऐकलेलं असतं, म्हणून शंका येते. क्रीममधला युरिया लघवीतून काढलेला नसतो. तो कारखान्यात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडपासून बनतो. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश व्होलर यांनी १८२८ सालीच तो प्रयोगशाळेत बनवून दाखवला होता. खतातला पदार्थ तोच, पण खत औषधाच्या दर्जाचं शुद्ध केलेलं नसतं. गोणीतला युरिया पाण्यात कालवून पायाला लावायचा उद्योग कोणी करू नये.

हा युरिया आपल्या कातडीतही निसर्गतः असतो आणि पाणी धरून ठेवतो. क्रीममध्ये तो किती टक्के आहे यावर त्याचं काम ठरतं, म्हणून ट्यूब घेताना नावापेक्षा टक्केवारी वाचा. ५ ते १० टक्के असेल तर तो मुख्यतः ओलावा धरतो आणि कोरड्या पायांना रोज लावता येतो. २० ते २५ टक्क्यांत ओलावा धरण्यासोबत जाड कातडी हळूहळू सैल करण्याचं कामही होतं. टाचेच्या भेगांना हीच ताकद लागते. ४० टक्क्यांचं मलम खूप जाड घट्ट्यांसाठी असतं आणि ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नये. जास्त ताकद म्हणजे लवकर गुण, असं इथे चालत नाही. चांगली कातडीही सोलवटून निघते.

नुसतं युरिया लावून मात्र काम अर्धवट राहतं. युरियाने धरलेलं पाणी हवेत उडू नये म्हणून वरून झाकण लागतं. त्यासाठी साधी पेट्रोलियम जेली, म्हणजे आपण जिला व्हॅसलीन म्हणतो ती, सगळ्यात चांगली आणि स्वस्त. कोकणातल्या घरांत यासाठी पिढ्यान्‌पिढ्या कोकमाचं तेल वापरतात. तेही झाकणाचंच काम करतं आणि चांगलं करतं. पण झाकण म्हणजे ओलावा नव्हे. पूर्ण वाळलेल्या टाचेवर नुसती जेली चोपडली तर आत कोंडायला पाणीच नसतं. बऱ्याच जणींची तक्रार असते की "व्हॅसलीन लावून काही होत नाही", त्याचं कारण हेच.

फुफीचं सुरुवातीला युरियाने केलं नाही. उघड्या, रक्त येणाऱ्या भेगेवर युरिया सणकून झोंबतो आणि माणूस दुसऱ्या दिवशी ट्यूब फेकून देतो. म्हणून पहिले पाच दिवस त्या खोल भेगेवर फक्त जेली आणि वरून गॉजची पट्टी. मीठ, कढत पाणी, ब्लेड, मेण सगळं बंद. ब्लेडने कापलं की कातडी स्वतःला वाचवायला आणखी जाड उगवते, आणि एखाद्या दिवशी हात घसरला तर जखम होते. मेणाने भेग भरली की आतली घाण आतच राहते. शिवाय वुजूचं पाणीही तिथे पोचत नाही.

सहाव्या दिवशी रक्त थांबलं होतं. तेव्हा २० टक्क्यांचं युरिया क्रीम सुरू केलं. वेळ ठरवली ती इशाची नमाज झाल्यावरची. दिवसा काहीही लावलं तरी पुढच्या वुजूला धुऊन जातं. इशानंतर फजरपर्यंत पायांना सलग सात-आठ तास मिळतात. पाय नुकतेच धुतलेले असतात, पुसून हलके ओलसर असतानाच क्रीम लावायचं. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली एक रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. दोन्ही टाचांना मिळून अशी एक ते दोन रेघा पुरतात. बोटांच्या बेचक्यात लावायचं नाही. पाच-दहा मिनिटांनी, क्रीम जिरल्यावर, जेलीचा पातळ हात आणि वरून जुने सुती मोजे.

मोजे कंटाळवाणे वाटतात, फुफीही दोन रात्री न घालता झोपली. एकदा जेली सगळी गोधडीला लागली. दुसऱ्यांदा रात्री उठली तर गुळगुळीत फरशीवर पाय सटकला, दाराची कडी हाताला लागली म्हणून वाचली. तेव्हापासून मोज्यांवर वाद झाला नाही. सकाळी मोजे घालूनच मोरीपर्यंत जायचं आणि तिथेच काढायचे.

पायावर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून झोपण्याचा सल्ला मोबाईलवर फिरतो. त्याने युरिया आत खोल जातो हे खरं, पण २० टक्के मलमावर रात्रभर प्लॅस्टिक ठेवलं तर कातडी पांढरी, लिबलिबीत होऊन सोलते. मोजे पुरेसे आहेत.

फजरच्या वुजूआधी जेलीचं काय, हाही प्रश्न येतोच. थर पातळ ठेवला तर सकाळपर्यंत मोज्यात बराचसा मुरतो. उरलेला कोरड्या कापडाने पुसून, थोडा साबण लावून पाय धुवायचे, म्हणजे पाणी नीट पोचतं. जाड थर किंवा पट्टी असेल, किंवा पाण्याने जखम चिघळत असेल, तर मसल्याची बाजू आपल्या मस्जिदच्या इमाम साहेबांना विचारून घ्यावी.

आठवड्यातून एकदाच, फुफीने गुरुवारची रात्र ठरवली, दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय. कोमट म्हणजे लहान मुलाला अंघोळीला चालेल इतकंच. मग वजरी. मऊ पडलेली मेलेली कातडी हलक्या हाताने, एकाच दिशेने दहा-बारा वेळा घासायची आणि थांबायचं. एका बैठकीत टाच गुळगुळीत करायला गेलं की दुसऱ्या दिवशी ती दुखते. उघड्या भेगेवर वजरी चालवायची नाही.

रोजच्या रोज होईलच असं नाही. घरात पाहुणे असतात, माणूस दमतो. आठवड्यात पाच रात्री क्रीम, जेली, मोजे आणि एक गुरुवार झाला तरी चालतं. फुफीला दुसऱ्या आठवड्यात चालताना दुखायचं थांबलं. चौथ्या आठवड्यात खोल भेगेच्या जागी फक्त रेघ राहिली. नंतर पुतणीच्या लग्नात नऊ-दहा दिवस सगळं बंद, त्यात अनवाणी धावपळ, आणि डाव्या टाचेला पुन्हा एक बारीक भेग दिसली. तेव्हा कळलं की भेग बुजली म्हणून थांबायचं नसतं. आता ती आठवड्यातून तीन रात्री लावते आणि स्वयंपाकघरात मागे पट्टा असलेली मऊ चप्पल घालते. ३० ग्रॅमची ट्यूब तिला दोन महिन्यांहून जास्त पुरते.

चार आठवडे नीट करूनही फरक नसेल तर भेगा नुसत्या कोरडेपणाच्या नाहीत असं समजा. तळपायावर पिठासारखा कोंडा, एकाच पायाला जास्त, नखं जाड आणि पिवळट असतील तर बुरशीची शक्यता आहे. त्यावर बुरशीचं औषध लागतं. काउंटरवरून "खाजेची ट्यूब" मागून स्टिरॉइड असलेलं मलम लावू नका. त्याने लाली दबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. तळहातांनाही तसेच भेगाळलेले लाल चट्टे असतील तर सोरायसिस किंवा एक्झिमा असू शकतो, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. भेगेभोवती सूज, गरमपणा, पू दिसला तर चार आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं.

मधुमेह असलेल्यांचं गणित वेगळं आहे. साखर वर्षानुवर्षं वाढलेली असली की पायांची जाणीव कमी होते. पाणी कढत आहे हे कळत नाही, भेग दुखत नाही, म्हणून ती आहे हेच लक्षात येत नाही. अशा पायाला पाण्यात भिजवणं आणि वजरी दोन्ही बंद. ब्लेड तर कधीच नाही. १० टक्क्यांच्या आसपासचं क्रीम लावता येतं, त्यावरचं डॉक्टरांना विचारून. अम्मी-अब्बूंना मधुमेह असेल तर त्यांचे तळपाय घरातल्या कोणीतरी रोज उजेडात बघावेत, कारण वाकून स्वतःची टाच बघणं त्यांना जमत नाही. फुफीची साखरही आम्ही पहिल्याच आठवड्यात तपासून घेतली होती. ती ठीक निघाली, म्हणूनच तिच्या बाबतीत २० टक्क्यांचं क्रीम सुरू केलं.