बोलणं आटवताना

लाकडी घाण्याचं तेल विकणाऱ्या एका उद्योजकाला दोन मिनिटांचा व्हिडिओ करायचा आहे, असं समजा. कॅमेऱ्यासमोर मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द बोलून होतात, म्हणजे संहिता अडीचशे शब्दांची हवी. त्यांनी मोबाइलवर बोलून उतरवलेला मजकूर मात्र याच्या तिप्पट. सुरुवात अशी:

‘तर काय आहे ना, आम्ही बेसिकली शेंगदाण्याचं तेल काढतो, म्हणजे लाकडी घाण्यावर. लाकडी घाण्याचं तेल म्हणजे ते फारसं तापत नाही. का, तर ॲक्च्युअली तो हळू फिरतो ना, त्यामुळे फारसं तापत नाही. आई म्हणायची, तेल तापलं की वास गेला. तर आम्ही काय करतो, तेल तापू देत नाही.’

इथे वाक्यं सुधारायला बसलं की घात होतो. ‘पारंपरिक पद्धतीने उच्च दर्जाचे तेल उत्पादित करतो’ असं लिहून टाकलं, तर ते बाटलीवरचं लेबल झालं, माणूस गेला. म्हणून आधी एकही शब्द न बदलता फक्त खुणा करायच्या: कुठलं वाक्य नवं काही सांगतं? तापण्याचा मुद्दा तीनदा आलाय. त्यातला कारण सांगणारा ठेवायचा, कारण पहिलं आणि तिसरं त्याच्या पोटात आहेतच. आईचं वाक्य पुनरुक्ती वाटेल, पण तापल्यानं नेमकं काय बिघडतं हे तिथेच कळतं.

‘बेसिकली’, ‘ॲक्च्युअली’ जाऊ देत. ‘काय आहे ना’ ही मात्र या गृहस्थांची बोलायची ढब. ती सुरुवातीला एकदा राहू द्यावी, दर वाक्याला नको. आणि ‘फारसं’ला हात लावायचा नाही. ‘फारसं’, ‘साधारण’, ‘बहुतेक’ हे शब्द भरताड वाटतात, पण ‘फारसं’ काढलं की खऱ्या विधानाचा खोटा दावा होतो. घर्षणानं घाण्यातलं तेलही थोडं कोमट होतंच.

उरलं ते असं: ‘काय आहे ना, आम्ही शेंगदाण्याचं तेल लाकडी घाण्यावर काढतो. घाणा हळू फिरतो, त्यामुळे तेल फारसं तापत नाही. आई म्हणायची, तेल तापलं की वास गेला.’

दुसऱ्या वाक्यात मुळात ‘तो’ होता. आधीचं वाक्य गेल्यावर तो ‘तो’ कोण, असा घोळ झाला असता. म्हणून तिथे ‘घाणा’ घातला. काटछाटीनंतर असे ‘तो’, ‘ते’ आणि ‘मगाशी म्हटलं तसं’ मुद्दाम शोधावे लागतात. एरवी आपण घातलेले शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असावेत.

मग संहिता त्यांनाच मोठ्यानं वाचायला द्यायची. जिथे ते अडखळतील किंवा नकळत दुसराच शब्द बोलतील, तिथे आपली भाषा शिरलेली असते. त्यांच्या तोंडून आलेला शब्द तसाच उतरवून घ्यावा. हे सगळं चित्रीकरणाआधी उरकलेलं बरं. नंतर कापलं तर प्रत्येक कापाला पडद्यावर मान झटकल्यासारखी दिसते, आणि ती झाकायला फिरत्या घाण्याची दृश्यं शोधत बसावं लागतं.