पेन्शनच्या खात्यात साठते काय?

राष्ट्रीय पेन्शन योजनेच्या खात्यात रुपये साठतात, असे आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत पुष्कळांना वाटते. वास्तविक तेथे साठतात ती युनिटे. फंडातील शेअर्स-रोख्यांची त्या दिवशीच्या बाजारभावाने किंमत करावी, तीतून देणी व खर्च वजा करावेत आणि उरलेल्या रकमेला फंडाच्या एकूण युनिटांनी भागावे. येईल तो एका युनिटाचा भाव, म्हणजेच ‘एनएव्ही’.

समजा, मी ५,००० रुपये भरले तेव्हा भाव २५ रुपये होता. मला २०० युनिटे मिळाली. पुढच्या महिन्यात भाव २० वर घसरला. माझी युनिटे २०० च राहिली. किंमत तेवढी ४,००० झाली. परंतु त्याच भावाने आणखी ५,००० भरले, त्यांत २५० युनिटे आली. पुढे भाव २४ झाला, तेव्हा ४५० युनिटांचे १०,८०० रुपये झाले. अजून तो पहिल्या पंचविसापर्यंत पोचलाही नव्हता!

एक ध्यानात ठेवावे. गुंतवणूक सांभाळण्याचा मोबदला भावातूनच वळता होतो. खात्याची नोंद ठेवण्याचे शुल्क मात्र पुष्कळदा काही युनिटे रद्द करून घेतात. म्हणून उताऱ्यात युनिटे किंचित घटलेली दिसली, तर तो दोष बाजाराचा नव्हे.